पार्लरमध्ये बसण्याचं भाडं कोण भरतं?

मागच्या वर्षी मामेबहिणीच्या निकाहाच्या आठवडाभर आधी मी सालवडमधल्या आमच्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले. काम छोटंच होतं, आयब्रो आणि अप्पर लिप. आयब्रोचे ४० रुपये, अप्पर लिपचे २०, एकूण ६०. दोन तासांनी बाहेर पडले तेव्हा मोबाइलवरून १,२१० रुपये गेले होते. या ६० रुपयांच्या कामात ३५० चं डी-टॅन आणि ८०० चं फेशियल कधी येऊन बसलं, ते रिक्षात बसल्यावरही मला नीट आठवेना. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच 'हो' म्हटलं होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखाद्या ॲपने न विचारता विमा जोडून ठेवला, आधीच टिक करून ठेवलेला चौकोन दाखवला, तर मला ते लगेच दिसतं. कारण असे चौकोन कसे बनतात हे मी जवळून पाहिलंय. पण पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून मान मागे टाकली की माझी ही हुशारी कुठे जाते? हा प्रश्न मला चावत राहिला. म्हणून नंतरचे काही महिने मी त्याच पार्लरमध्ये जरा डोळे उघडे ठेवून बसले, आणि पार्लर चालवणाऱ्या भाभींशी हिशोबाचंही बोलले. त्यातून जे कळलं ते लिहितेय. भाभींचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी ते नको म्हटलंय.

आधी ती खोली समजून घेऊ. सालवड म्हणजे बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेली वस्ती. इथे कंपन्यांत ठेक्यावर काम करणारी कुटुंबं आहेत. जुने गाववाले आहेत, बिहार-यूपीतून आलेले आहेत, आपले मराठी बोलणारे मुसलमान आहेत आणि आसपासच्या पाड्यांवरून कामाला येणाऱ्या आदिवासी मुलीही आहेत. पुरुषांना बसायला इथे जागांची कमी नाही. चहाची टपरी आहे, नाका आहे, सलूनचा बाक आहे, मशिदीबाहेरचा कट्टा आहे. सलूनमध्ये दाढी न करताही तासभर पेपर वाचत बसलेला माणूस कुणाला खटकत नाही. बाईने मात्र नाक्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून दाखवावं!

पार्लरला काचेचं दार असतं, त्यावर आतून पडदा असतो आणि 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी असते. आत गेलं की बुरखा खुंटीला, ओढणी खुर्चीच्या पाठीवर. घरी सांगायला कारणही तयार असतं, "आयब्रो करून येते." 'मैत्रिणींशी बोलायला जाते' असं सांगितलं तर चार प्रश्न येतात. आयब्रोला कुणी प्रश्न विचारत नाही.

त्या खोलीत काय बोललं जातं? बाळंतपणासाठी कुठला दवाखाना बरा आणि कुठे विनाकारण सिझर करतात. कुठला ठेकेदार पगार अडकवतो. कुणाच्या मुलीचं स्थळ कुठून आलं. एकदा एका बाईच्या दंडावर काळंनिळं दिसलं. वॅक्स करणारा हात दोन क्षण थांबला आणि भाभींनी शांतपणे विचारलं, "परत केलं का त्याने?" त्या 'परत'वरून मला कळलं की ही गोष्ट तिच्या माहेरी ठाऊक नसेल, पण पार्लरला ठाऊक आहे.

याच खोलीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी बोईसर स्टेशनवर कुणा मुलाशी बोलताना दिसली, एवढीच गोष्ट. वॅक्सची पट्टी ओढता ओढता कुणीतरी ती सांगितली, कुणीतरी तीत थोडं मीठ घातलं. तीन दिवसांत ती मुलीच्या घरी पोचली आणि तिचा क्लास बंद झाला. गोष्ट सांगितली गेली तेव्हा मी बाजूच्याच खुर्चीत होते आणि गप्प बसले होते. याची लाज मला आजही वाटते. त्यामुळे पार्लर म्हणजे बहिणींचं मायेचं घर, असं चित्र मी रंगवणार नाही. ज्या कानांनी दंडावरची खूण ऐकली, त्याच कानांनी त्या मुलीचा क्लास बंद पाडला.

आता पैशाकडे येते. खर्चाचा दबाव कसा तयार होतो, त्याच्या पायऱ्या मी मोजल्या. पहिली पायरी सवालाची. धाग्याचं एक टोक दातात धरून भाभी अगदी जवळून तुमचा चेहरा बघत असतात. इतक्या जवळून तुमचा नवराही कधी बघत नसेल. त्यातच हळूच येतं, "उन्हात फिरतेस का गं? टॅन खूप झालंय." हे वाक्य 'खरेदी कर' असं म्हणत नाही, ते काळजीचं वाक्य आहे. म्हणून त्याला 'नको' म्हणता येत नाही, फक्त "हो ना" म्हणता येतं. दुसरी पायरी साक्षीदारांची. बाकावर बसलेली कुणीतरी म्हणते, "माझ्या नणंदेने मागच्या महिन्यात केलं, काय उजळली!" आता तुमचा चेहरा हा चार जणींचा विषय झालेला असतो. तिसरी पायरी वहीची. "पैसे नंतर दे, लिहून ठेवते." उधारीची ही वही मोठी गोड असते. तिच्यामुळे आज नाही म्हणायचं कारण उरत नाही आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पार्लरमध्ये जायचं तोंडही उरत नाही.

हे सगळं भाभींना तोंडावर बोलून दाखवलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "तू शिकलेली आहेस ना, मग माझा हिशोब करून दे," असं म्हणून त्यांनी वही पुढे सरकवली. तो हिशोब इथे देते, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे.

गाळ्याचं भाडं महिन्याला ७,००० रुपये. हाताखालच्या मुलीचा पगार ६,०००. वीजबिल १,८००. टॉवेल धुणं, पाणी, रिचार्ज असं किरकोळ १,२००. झाले १६,००० रुपये. यात सामान धरलेलं नाही आणि भाभींची स्वतःची कमाईही नाही. महिन्यातले २६ दिवस पार्लर उघडं असतं, म्हणजे दार उघडायचाच रोजचा खर्च साधारण ६१५ रुपये. आयब्रोचे ४० रुपये मिळतात, धाग्याचा खर्च नगण्य. नुसत्या आयब्रोवर दार उघडं ठेवायचं तर रोज १६ बायका हव्यात, आणि त्यानंतर भाभींच्या घरचा पहिला रुपया सुरू होतो. लग्नसराई सोडली तर एरवीच्या दिवशी दहा-बाराच येतात.

आता फेशियल बघा. दर ८००. एका वेळच्या पाकिटाचा, म्हणजे क्लिन्सर, स्क्रब, मसाज क्रीम आणि पॅक यांचा खर्च साधारण १५०. हातात उरले ६५०. एक फेशियल झालं की त्या दिवसाचं दार निघालं. एक फेशियल बरोबर सोळा आयब्रो. भर म्हणून माल पुरवणारा दर महिन्याला स्कीम घेऊन येतो. दहा हजारांची फेशियल किट घ्या, वाफेचं मशीन फुकट. किटवर वापरायची शेवटची तारीख छापलेली असते आणि ती जवळ येत जाते. "टॅन खूप झालंय" हे वाक्य त्या तारखेतून आणि त्या ६१५ रुपयांतून जन्माला येतं. भाभी लबाड आहेत म्हणून ते येत नाही.

म्हणजे खरी गोष्ट अशी आहे की आपण त्या खोलीत फुकट बसतो. गप्पा फुकट, पंखा फुकट, पडदा फुकट. जी गोष्ट आपल्याला खरोखर हवी असते, तिचा दर रेटकार्डवर कुठेच नसतो. मग तिचं भाडं रेटकार्डवर ज्या गोष्टी आहेत त्यांतून वसूल होतं. आणि ते सगळ्यांकडून सारखं वसूल होत नाही. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्याकडून जास्त होतं.

अशी एक मुलगी मला माहीत आहे. एका कंपनीत पॅकिंगला जाते, रोज ४०० रुपये हजेरी. ती आयब्रोला यायची, बाकावर बसून खूप हसायची. एका ईदच्या आधी तिचंही डी-टॅन आणि फेशियल झालं, वहीत १,२०० च्या आसपास लिहिलं गेलं. तीन दिवसांची हजेरी. ते फेडायला तिला दोन महिने लागले आणि फिटल्यावर ती यायचीच बंद झाली. आता आयब्रो घरीच ब्लेडने करते. माझे १,२१० रुपये गेले तर मला फक्त चिडायला झालं. तिची मात्र ती खोलीच गेली. जिच्या भाड्याच्या रूममध्ये पाच माणसं राहतात, तिला पडद्यामागच्या त्या बाकाची गरज माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि मला ती मोठी वाटते.

आपण ज्यासाठी पैसे देतो ते नेमकं काय आहे, हेही एकदा बघून घ्यावं. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते चेहऱ्यावरच्या बारीक लवेचा रंग फिका करतं, म्हणून चेहरा उजळ दिसतो. डी-टॅनच्या बऱ्याच पाकिटांत थोडंफार हेच असतं. स्क्रबने वरची मृत त्वचा निघते. वाफ आणि मसाजमुळे रक्तप्रवाह वाढतो आणि एक-दोन दिवस चमक राहते. लग्नाच्या आदल्या दिवशी ती चमक हवी असेल तर जरूर घ्यावी, मीही घेईन. पण उन्हाने आलेला काळवंडलेपणा एका बैठकीत निघत नाही. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. तेवढे दिवस ऊन टाळलं तर रंग आपोआप मूळ जागी येतो. मूळ रंगाच्या पलीकडे गोरं करणारं काही त्या पाकिटात नसतं. ब्लीच करायचंच असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघावं. आग झाली, लाल झालं तर चेहऱ्याला लावू नये.

खरा धोका पाकिटात नसतो, तो बिनलेबलच्या डबीत असतो. अकोल्याचं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं. एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने ओळखीच्या ब्युटिशियनकडून गोरं करणारी क्रीम घेतली. चेहरा उजळला, कौतुक झालं, म्हणून आई आणि बहिणीनेही तीच लावायला सुरुवात केली. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायलाच बंदी आहे. चुकून आलेलाही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पारा त्वचेतला रंग बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून फरक झपाट्याने दिसतो. आणि त्वचेतून तो शरीरात जातो.

या प्रकरणात क्रीम कशी पसरली ते बघा. जाहिरातीने नाही, तर ओळखीने, कौतुकाने, "माझ्या बहिणीला फरक पडला" या वाक्याने. म्हणजे ज्या विश्वासावर आपल्याला चांगल्या डॉक्टरचं नाव मिळतं, त्याच विश्वासावर ही डबीही घरात येते. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती कुणीही दिली तरी घेऊ नये. आठवड्यात गोरेपणा दिसू लागला तर आनंदाऐवजी शंका यावी. आणि अशी क्रीम लावणाऱ्या बाईच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम थांबवून, ती डबी सोबत घेऊन डॉक्टरकडे जावं.

आता काही वाचक म्हणतील, "म्हणूनच तर आम्ही सांगतो, पार्लरला जाऊच नका." हा आवाज आपल्या समाजात नवा नाही. २०१७ मध्ये देवबंदच्या दारुल इफ्ताने बायकांनी भुवया कोरणं नाजायज असल्याचा फतवा दिला होता. ज्या बाईला तो पटतो तिने तो पाळावा, तो तिचा प्रश्न आहे. पण बंदीचं टोक काय असतं ते आपण अफगाणिस्तानात पाहिलं. जुलै २०२३ मध्ये तालिबानने देशातली सगळी ब्युटी पार्लर महिनाभरात बंद करायला लावली. भुवया कोरणं, दुसऱ्याचे केस जोडणं, मेकअपमुळे वुझू नीट न होणं अशी कारणं दिली गेली. त्यात एक कारण पैशाचंही होतं. लग्नात नवरीच्या पार्लरचा खर्च नवऱ्या मुलाच्या घरावर पडतो, म्हणे. तिथल्या महिला वाणिज्य मंडळाने सुमारे ६० हजार बायकांचा रोजगार जाईल असा अंदाज दिला होता. काबूलमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांना पांगवायला पाण्याचे फवारे मारले गेले आणि हवेत गोळ्या झाडल्या गेल्या.

खर्चाचं दुखणं खरंच होतं, आपल्याकडेही आहे. पण इलाज म्हणून खर्च कमी झाला नाही, खोली बंद झाली. शाळा, बगिचे, व्यायामशाळा आधीच बंद झालेल्या बायकांची आणखी एक जागा गेली. म्हणून पार्लरच्या खर्चाविषयी बोलताना मी फार जपून बोलते. माझी तक्रार कुणीतरी कडी लावण्यासाठी वापरावी, हे मला नको आहे.

मग काय करायचं? भाभी आणि मी दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली अगदी साधी. रेटकार्ड आतल्या भिंतीवरून काढून दाराशी लावलं, आणि खुर्चीत बसण्याआधीच "आज काय करायचं?" हे विचारून वहीत लिहायचं ठरलं. एकदा धागा चेहऱ्यावर आला की नवीन काही सुचवायचं नाही. सुचवायचंच असेल तर काम संपल्यावर, बाई उठून उभी राहिल्यावर. पडून डोळे मिटलेल्या बाईला आणि उभ्या राहून पर्स हातात घेतलेल्या बाईला 'नाही' म्हणणं सारखं सोपं नसतं. भाभी म्हणतात, फेशियल थोडी कमी झाली, पण उधारीही कमी झाली, आणि वहीतले बुडणारे पैसे तसेही त्यांचेच होते.

दुसरी गोष्ट भिशीची. आमच्या बारा जणींची भिशी आळीपाळीने घरोघरी व्हायची, तिथे सासू, मुलं आणि चहा करण्याची धावपळ. आम्ही ती महिन्यातून एकदा बुधवारी दुपारी, पार्लर रिकामं असतं त्या वेळी, तिथेच घ्यायला लागलो. प्रत्येकीने बसण्याचे ५० रुपये द्यायचे. बारा पन्नास सहाशे. म्हणजे जवळजवळ त्या दिवसाचं दार. कुणालाही फेशियल करावं लागत नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्याच महिन्यात एक खाला म्हणाल्या, "नुसतं बसायचे कसले पैसे?" दोघी पैसे द्यायला 'विसरल्या'. मला खालांचा राग आला नाही. टपरीवर बसणारा पुरुष चहाच्या निमित्ताने जागेचेच पैसे देतो, पण तो खर्च आहे असं कुणाला वाटत नाही. बाईने तिच्या बसण्यासाठी पैसे काढायचे, हे आपल्याला अजून चैनीसारखं वाटतं. सुंदर दिसण्यासाठी ८०० काढताना मात्र तसं वाटत नाही, कारण ते निदान घरच्यांना दाखवता येतं.

पॅकिंगवाल्या त्या मुलीला मी गेल्या महिन्यात रिक्षा स्टँडवर भेटले. बुधवारच्या भिशीचं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथे आल्यावर काही करावं लागेल का?" मी म्हटलं, "नाही. पन्नास रुपये आणि गप्पा." बुधवारी तिची दिवसपाळी असते, म्हणून ती येऊ शकली नाही. आता भिशी रविवारी हलवायचं आमच्यात चाललंय. भाभींची अडचण अशी की रविवारी गिऱ्हाईक जास्त असतं, खुर्ची अडवून चालणार नाही. सकाळी दार उघडण्याआधीचा एक तास मिळतोय का, ते बघतोय.